पेढीचे पहिले मालक कोण? एका ई-मेलमागची पार्श्वभूमी

जळगावहून पाचोऱ्याकडे जाताना रेल्वेच्या कडेला कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जुन्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या पडक्या चिमण्या दिसतात. त्यांतल्याच एका कारखान्यावर आमची एक विद्यार्थिनी पीएच.डी.साठी काम करते आहे. कारखाना आज बंद आहे. पहिल्या भेटीत तिथल्या राखणदाराने तिला हात हलवून अहिराणीत सांगितलं, "आते काय शे आठे?" आत्ताच्या मालकांकडे एक खरेदीखत आहे, पण त्यांच्या आजोबांनी कारखाना कुणाकडून घेतला आणि ज्याच्याकडून घेतला त्याने तो उभारला की त्यानेही विकतच घेतला होता, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तिने मुंबईच्या एका वाणिज्य ग्रंथालयाला ई-मेल लिहिला. पहिला मसुदा मला दाखवला तेव्हा त्यात एवढंच होतं: "सदर पेढीच्या सुरुवातीच्या मालकांची माहिती देणाऱ्या जुन्या डिरेक्टऱ्या मिळाव्यात."

मी तो पाठवू दिला नाही. ग्रंथपाल त्यावर काय करणार? पण मालकांची नावं शोधायला गावोगावच्या धंदेवाल्यांची नावं-पत्ते छापणारी डिरेक्टरीच का लागते, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. त्याचं उत्तर कायद्यात आहे.

आज भागीदारीतल्या पेढीची नोंदणी करता येते ती १९३२ च्या भागीदारी कायद्यामुळे. नोंदणी करताना पेढीचं नाव, धंद्याची जागा, प्रत्येक भागीदाराचं पूर्ण नाव, कायमचा पत्ता आणि तो पेढीत कधी आला ती तारीख द्यावी लागते. हे रजिस्टर कुणालाही फी भरून पाहता येतं. नोंदणी सक्तीची नव्हती आणि आजही नाही. पण नोंदणी नसली तर पेढीला करारावरून कोर्टात दावा लावता येत नाही, आणि हे कलम १९३३ च्या ऑक्टोबरपासून लागू झालं. त्यामुळे धंदेवाल्यांनी हळूहळू नोंदणी केली. त्याआधी भागीदारीचे नियम १८७२ च्या करार कायद्यातच होते आणि त्यात नोंदणीचा विषयच नव्हता. चार जणांनी पैसे घातले, गादी मांडली, वहीपूजन केलं की पेढी सुरू. कुणाची किती पाती, म्हणजे वाटा, ते वहीत. वही घरात. घर विकलं, वाडा पडला की वही रद्दीत.

कंपनी असती तर गोष्ट वेगळी होती. १८८२ च्या कंपनी कायद्यानुसार किमान सात जणांना संस्थापनपत्रावर सह्या कराव्या लागत आणि ती कागदपत्रं निबंधकाकडे जात. भागीदार वीसपेक्षा जास्त झाले तरी कंपनी म्हणून नोंदणी करणं भाग पडे. कापसाच्या धंद्यातल्या पेढ्या त्या आकड्याच्या आसपासही जात नसत. इथे बरेच जण फसतात ते पाटीमुळे. पाटीवर 'आणि कंपनी' असलं म्हणजे ती कंपनी असतेच असं नाही. तो तेव्हाच्या इंग्रजी पेढ्यांचा रिवाज होता, आपल्याकडच्या शेठजींनी तो उचलला. आमची विद्यार्थिनी याच पाटीवर विसंबून सहा महिने कंपनी निबंधकाच्या फायली शोधत राहिली.

म्हणजे १९३२ च्या आधी खानदेशातल्या जिनाचे, म्हणजे जिनिंग कारखान्याचे, भागीदार कोण, हे सरकारला कळवायची सक्ती कुणावरही नव्हती. कारखान्यांच्या कायद्याची मदत होईल म्हणावं, तर १८८१ चा कायदा वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता, आणि जिनं तर हंगामी. १९११ च्या कायद्यात हंगामी कारखाने आले. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने जिनात रजिस्टर ठेवायला लावलं, पण त्यात कुणाच्या कापसाची सरकी कधी काढली याची नोंद होती. सरकीकापूस आणणाऱ्याचं नाव सापडतं, जिनाच्या पातीदाराचं नाही.

ही पोकळी डिरेक्टऱ्या थोडीफार भरून काढतात. पण त्या मालकी सांगायला छापल्याच नव्हत्या. त्या छापल्या मुंबई-कलकत्त्याच्या घाऊक व्यापाऱ्यासाठी, विमा एजंटासाठी, यंत्रं विकणाऱ्यासाठी: कुठल्या गावी कुणाला पत्र घालायचं ते कळावं म्हणून. कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक आणि कंपनीची डिरेक्टरी आधी बंगालपुरती होती, १८८५ पासून ती अख्ख्या हिंदुस्थानची झाली. त्याआधीच्या काळासाठी मुंबईत निघणारी टाइम्स ऑफ इंडियाची कॅलेंडर-डिरेक्टरी पाहावी लागते. खानदेशात कापसाला उठाव आला तो १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत. अमेरिकेचा कापूस लँकेशायरला मिळेना आणि त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव-जळगाव-भुसावळ अशी आली. धरणगाव-पारोळ्यासारखी जुनी पेठ मागे पडून जळगाव वर आलं ते त्याच सुमारास. म्हणजे सुरुवातीच्या जिनांचा काळ नेमका थॅकरच्या आधीचा. 'थॅकर पाहिली, काही नाही' एवढ्यावर थांबणाऱ्याची सुरुवातीची वीस वर्षं तशीच निसटतात.

मग आम्ही मेल नव्याने लिहिला. आधी तिला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नोंदवलेल्या खतांची सूची, म्हणजे इंडेक्स टू, पाहायला लावली आणि सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढायला लावली. त्यावरून कळलं की आत्ताच्या मालकांच्या आजोबांनी १९२६ साली जागा आणि कारखाना विकत घेतला. विकणाराचं नाव होतं, पण तेही पेढीचंच. आता काळाची एक बाजू पक्की झाली होती. नवा मेल साधारण असा:

"महोदया, मी पूर्व खानदेशातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या १९२६ पूर्वीच्या मालकीवर काम करत आहे. कारखाना रेल्वे स्टेशनच्या गावात आहे. गावाचं नाव आणि पेढीच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगची तीन रूपं खाली देत आहे. थॅकर्स इंडियन डिरेक्टरीचे १९००, १९०५, १९१०, १९१५, १९२० आणि १९२५ चे खंड आपल्याकडे आहेत का? असल्यास फक्त या गावाचं पान आणि 'कॉटन प्रेसेस' ही वर्गवार यादी पाहायची आहे. १९०६ पूर्वीच्या खंडांत गाव नुसत्या 'खानदेश'खाली असेल. थॅकरचे खंड नसल्यास टाइम्सच्या डिरेक्टरीत मुंबई इलाख्याच्या भागात हेच गाव पाहता येईल का?"

यातली १९०६ ची ओळ महत्त्वाची आहे. त्या वर्षी खानदेश जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले: जळगावचा पूर्व खानदेश आणि धुळ्याचा पश्चिम खानदेश. अनुक्रमणिकेत एकच शब्द शोधणाऱ्याला अर्धे खंड रिकामे दिसतात. धुळ्याचं स्पेलिंग 'धुलिया', त्याहून जुन्या कागदांत खानदेशच 'कॅंडेश'. गावांच्या नावांचं तर विचारू नका.

पाच-पाच वर्षांचं अंतर मुद्दाम ठेवलं. दोन खंडांत नाव सारखंच असेल तर मधले खंड तूर्त सोडायचे. बदललं असेल तर मधला खंड मागवायचा, मग त्याच्या मधला. ग्रंथालयाला वीस खंड कपाटातून काढायला लावण्यापेक्षा हे बरं, आणि उत्तरही लवकर येतं.

आलेल्या पानांत १९०५ आणि १९१० ला एकच पेढी होती. १९१५ ला दुसरंच नाव, १९२० ला पुन्हा पहिलं. विद्यार्थिनीला वाटलं, विकला आणि परत घेतला. मला तसं वाटलं नाही, कारण इंडेक्समध्ये मधल्या काळात एकही खत नव्हतं. विक्री असती तर खत नोंदवावंच लागलं असतं. नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टाही नोंदवावा लागे. पण हंगामापुरता, दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत, दिलेला भाडेपट्टा एका वर्षाच्या आतला, त्याची नोंद कुठेच होत नसे. जिनं अशी हंगामावर चालवायला देणं सर्रास चाले. १९१५ चं नाव बहुधा चालवणाऱ्याचं असावं. डिरेक्टरीवाल्याने मालक विचारलाच नव्हता, पत्र कुणाच्या नावाने घालायचं तेवढं विचारलं होतं.

उलटीही चूक होते. खानदेश-वऱ्हाडात एका गावातले जिनवाले पूल करत: दर ठरवायचा, काही जिनं बंद ठेवायची आणि बंद जिनवाल्यालाही वाटा द्यायचा. डिरेक्टरीत बंद जिनही सुरूच दिसतं. शिवाय खंडावर १९१५ छापलेलं असलं तरी माहिती आदल्या वर्षीची, आणि मोफसलच्या, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या, नोंदी कधी कधी तीन-तीन वर्षं हात न लावता पुन्हा छापत. म्हणून डिरेक्टरीतलं वर्ष हे 'या वर्षाच्या आधी केव्हातरी' असं वाचायचं.

सगळ्यात जास्त घोटाळा नावाचा. मारवाडी-गुजराती पेढीच्या नावात सहसा बाप-लेकाची किंवा आजा-बापाची दोन नावं असतात. 'हिराचंद माणकचंद' असं नाव दिसलं की इंग्रजी संपादक ती एक व्यक्ती समजतो, आपण ते दोन भागीदार समजतो, आणि खरं तर ते दोघेही वारून वीस वर्षं झालेली असू शकतात. पेढी नातू चालवत असतो. तिच्या प्रबंधाच्या मसुद्यात "१९०५ साली या दोघांनी कारखाना स्थापन केला" असं वाक्य होतं. ते काढायला लावलं. आता तिथे "१९०५ च्या सुमारास कारखाना या नावाच्या पेढीकडे होता" असं आहे.

सूतगिरण्यांचं काम तुलनेने सोपं. मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या वार्षिक तक्त्यात देशभरच्या गिरण्यांची नावं, चात्या, माग आणि मॅनेजिंग एजंट सापडतात, त्यात जळगाव-अमळनेरच्या गिरण्याही आहेत. पण त्यात जिनिंग नाही, आणि एजंट म्हणजे मालक नव्हे, भागधारक वेगळे.

ग्रंथालयाचं शेवटचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. १९१७ चा खंड आहे, पण कणा सुटल्यामुळे स्कॅन करता येणार नाही; समोर बसून पेन्सिलीने उतरवून घ्यावं लागेल. ती पुढच्या सोमवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला निघते आहे. तिने वहीत तीन स्पेलिंगं लिहून घेतली आहेत, चौथं मी वाढवलं.