कुंडीतील गाजर व मुळा लागवड

गाजर (डॉकस कॅरोटा, धन्याच्या कुळातील) आणि मुळा (रॅफानस सटायव्हस, मोहरीच्या कुळातील) ही सोटमुळासाठी घेतली जाणारी पिके खोल कुंडीत वाढवण्याची पद्धत. जमिनीतील लागवडीपेक्षा कुंडीचा फायदा असा की मूळ ज्या मातीतून खाली उतरणार ती सगळी माती आपण स्वतः चाळून, मिसळून भरलेली असते. त्यामुळे वाकडीतिकडी, दोन-तीन पायांची गाजरे निघण्याचे जमिनीतले मुख्य कारण, म्हणजे खडे आणि कडक थर, इथे टाळता येते. तरीही कुंडीतून फाटे फुटलेली गाजरे बऱ्याचदा निघतात. त्यांची कारणे बहुधा पाणी साचणे, कच्चे खत आणि चुकीच्या वेळी केलेली विरळणी ही असतात.

फाटे कसे फुटतात : बी रुजल्यावर पहिले मूळ सरळ खाली जाते. पहिल्या काही आठवड्यांत ते दोऱ्यासारखे बारीक असतानाच आपली बहुतेक लांबी गाठते. जाडी नंतर भरते. म्हणजे वर चार पाने दिसत असतात तेव्हा गाजराचा आकार खाली जवळपास ठरून गेलेला असतो. मुळाच्या टोकाशी वाढणाऱ्या पेशींचा छोटा पुंजका असतो आणि तो जिवंत असेपर्यंत बाजूची मुळे दबून राहतात. टोक खड्याला अडून चिरडले, पाण्यात गुदमरून कुजले, बुरशीने किंवा सूत्रकृमींनी खाल्ले किंवा उपटताना तुटले, की हा दाब संपतो. मग जवळची एक-दोन बाजूची मुळे खाली वळतात आणि पुढे तीच जाड होतात. तुटलेले टोक पुन्हा येत नाही, म्हणून नंतर माती कितीही सुधारली तरी फाटा सरळ होत नाही. वाफ्यात रोपे तयार करून ती कुंडीत लावण्याची रीत गाजराला चालत नाही, तीही याच कारणाने. बी कायमच्या जागीच पेरावे लागते.

मुळ्याचे थोडे वेगळे आहे. लहान गोल मुळ्याचा फुगणारा भाग मुख्यतः बीजदले आणि मूळ यांच्या मधल्या खोडाचा असतो, खरे मूळ म्हणजे खालची शेपटी. त्यामुळे शेपटीला इजा झाली तरी गोळा बराचसा शाबूत राहतो. लांब पांढऱ्या मुळ्यात मात्र खालचा मोठा भाग खऱ्या मुळाचाच असल्याने तो गाजरासारखाच फाटतो. गोल मुळ्याची खरी अडचण दाटी ही आहे. रोपे खेटून राहिली की पाने भरपूर येतात आणि खाली गोळाच धरत नाही.

कुंडीची खोली : गाजराच्या मध्यम लांबीच्या, बोथट टोकाच्या नँटीस गटातील जाती साधारण 15 ते 18 सेंमी वाढतात. शँटने गटातील गाजरे आखूड आणि शंकूसारखी असतात. नँटीससाठी 30 ते 35 सेंमी खोल कुंडी लागते, लांब मुळ्यासाठी 40 सेंमी असली तर बरी आणि गोल मुळ्याला 15 सेंमीही पुरते. गाजर 16 सेंमीचे असताना कुंडी त्याच्या दुप्पट खोल कशाला, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर पाण्यात आहे. कोणत्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावरही तळाशी काही सेंमीचा थर पूर्ण ओला राहतो. या थराची उंची मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. उथळ कुंडीत हा थर मुळाच्या टोकापर्यंत पोचतो आणि टोक कुजते. खोल कुंडीत तो खाली राहतो. तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा जाड थर घालण्याची सवय म्हणूनच इथे उपयोगाची नाही. बारीक मातीतले पाणी भरड खडीत सहज उतरत नाही, त्यामुळे ओला थर खडीच्या वर, म्हणजे मुळाच्या आणखी जवळ सरकतो. छिद्रावर जाळीचा एक तुकडा पुरे.

मातीचे मिश्रण : दोन भाग चाळलेली बागेची माती, दोन भाग भिजवून पिळलेले कोकोपीट आणि एक भाग पूर्ण मुरलेले, चाळलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत, हे साधे प्रमाण चांगले चालते. माती चिकण असेल तर तिचे प्रमाण निम्म्यावर आणून कोकोपीट वाढवावे. अशा मातीत थोडी बारीक वाळू घालून ती भुसभुशीत होईल ही समजूत फसवी आहे. वाळूचे कण चिकणमातीत रुतून मिश्रण उलट घट्ट होते. चाळण 5 ते 6 मिमी भोकांची घ्यावी आणि कंपोस्टही तिच्यातूनच काढावे, कारण न कुजलेली काडीही मुळाच्या टोकाला खड्यासारखीच अडते. ताजे शेणखत गाजराला घालू नये. त्यातील क्षारांनी व नत्राने मुळे केसाळ होतात, फाटतात आणि पाने माजतात.

मिश्रण ओलसर करून मगच भरावे. कोरडे भरले तर पहिल्या पाण्याबरोबर ते बरेच खाली बसते. हाताने दाबू नये. कुंडी दोन-तीनदा जमिनीवर हलके आपटली की मोठ्या पोकळ्या भरतात आणि तेवढेच हवे असते. मातीची परीक्षा सोपी आहे : पेन्सिल जोर न लावता पूर्ण आत गेली पाहिजे.

एका कुंडीचा हिशेब : 30 सेंमी व्यासाची, 35 सेंमी खोल, सरळ बाजूंची कुंडी घेतली आणि वर 3 सेंमी मोकळे सोडले तर सुमारे 22 ते 23 लिटर मिश्रण लागते. काठापासून 4 सेंमी आत एक गोल चर ओढायचा. त्याचा घेर साधारण 69 सेंमी भरतो. त्याच्या 6 सेंमी आत दुसरा चर, घेर 31 सेंमी. चर एक सेंमी खोल असावेत. दर सेंमीला एक बी टाकले तर दोन्ही चरांत मिळून 100 बिया होतात. गाजराचे बी इतके बारीक की चिमटीतून नेहमीच जास्त सुटते. कोरड्या वाळूत मिसळून पेरले की हात आवरता येतो. वर चाळलेले कोकोपीट पसरावे, माती नको, कारण तिचा पापुद्रा धरतो आणि गाजराचा नाजूक कोंब तो फोडू शकत नाही.

मुळा तीन ते सहा दिवसांत उगवतो. गाजर एक ते तीन आठवडे घेते, आणि या काळात वरचा एक सेंमीचा थर एकदाही वाळता कामा नये. कुंडीवर ओले गोणपाट टाकावे, पण पहिला कोंब दिसताच ते काढावे. एक दिवस उशीर झाला तरी कोंब लांबुळके, पिवळे होतात. पाणी झारीने, बारीक धारेने द्यावे.

विरळणी : गाजराची पहिली विरळणी बीजदलांनंतरचे पहिले कातरलेले पान उघडले की करायची, म्हणजे पेरणीपासून साधारण तीन आठवड्यांनी. रोपांत 3 सेंमी अंतर ठेवले की बाहेरच्या चरात 23 आणि आतल्यात 10 रोपे उरतात. पाने 10 सेंमीच्या आसपास झाली की दुसरी विरळणी : एकाआड एक रोप काढून अंतर 6 सेंमी करायचे. शेवटी बाहेर 11 आणि आत 5, अशी 16 गाजरे या कुंडीत राहतात. याहून जास्त ठेवण्याचा मोह होतो, पण त्याने गाजरांची संख्या वाढते, वजन नाही.

दाटीमुळे गाजरे फाटतात असे सरसकट म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. नुसत्या दाटीने गाजरे प्रामुख्याने बारीक राहतात आणि एकमेकांना पीळ घालतात. फाटा येतो तो बहुतेक वेळा उशिरा, रोपे उपटून केलेल्या विरळणीने. तोवर शेजाऱ्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात आणि एक ओढले की दुसऱ्याचे टोक तुटते. म्हणून रोप उपटण्याऐवजी लहान कात्रीने मातीलगत कापावे. कापलेल्याचे मूळ जागीच कुजते, शेजारी हलत नाही. उपटायचेच असेल तर तासभर आधी पाणी द्यावे आणि राहणाऱ्या रोपाच्या दोन्ही बाजूंना बोटे टेकवून ठेवावीत.

गोल मुळ्याची विरळणी एकदाच, बीजदले पूर्ण पसरल्यावर, 4 ते 5 सेंमी अंतरावर करतात. लांब मुळ्याला 10 सेंमी तरी हवेत. गाजराच्या चरातच गोल मुळा पेरून तो महिनाभरात काढून घेण्याची रीत वाफ्यात चांगली, पण कुंडीत मुळा उपसताना नेमकी त्याच वयाची गाजरे हलतात. कुंड्या वेगळ्या ठेवणेच श्रेयस्कर.

काढणी आणि मुळावरून निदान : गोल मुळा 25 ते 30 दिवसांत, लांब मुळा 50 ते 60 दिवसांत आणि नँटीस गाजर 75 ते 90 दिवसांत काढायला येते. गाजराचा रंग 16 ते 21 अंश सेल्सिअस तापमानात उत्तम भरतो. मुळा कुंडीत जास्त दिवस ठेवला तर आतून पोचट होतो. गाजर काही दिवस थांबू शकते.

फाटलेले मूळ फेकण्याआधी फाटा कुठे आहे ते पाहावे. माथ्यापासून दोन-तीन सेंमीवरच फाटा असेल तर इजा अगदी कोवळ्या वयात झालेली असते, बहुधा रोप हलवल्याने किंवा वरच्या थरातल्या काडीने. कुंडीतली सगळी गाजरे एकाच खोलीवर फाटली किंवा बोथटली असतील तर तिथे दाबलेला किंवा पाण्याने भरलेला थर आहे. पुढच्या वेळी मिश्रण पूर्ण उपसून पुन्हा भरावे. फाट्यांबरोबर बारीक मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे काम असते आणि ती माती गाजरासाठी पुन्हा वापरू नये. उभी चीर हा फाटा नव्हे. बराच काळ कोरडे राहून एकदम भरपूर पाणी मिळाले की आतला भाग सालीपेक्षा वेगाने फुगतो आणि साल तडकते. माथा हिरवा झाला असेल तर तो मातीबाहेर उघडा पडून उन्हात राहिला होता, त्यावर वाढीच्या काळातच दोन सेंमी मिश्रण चढवावे लागते.