त्याच मुलांचे आधीचे आणि नंतरचे गुण

समजा, सहा मुलांची अपूर्णांकांवर ४० गुणांची पूर्वचाचणी घेतली. गुण पडले ८, १२, १५, १८, २२ आणि २७. तीन आठवडे वेगळ्या पद्धतीने शिकवल्यावर उत्तरचाचणीत त्याच मुलांना त्याच क्रमाने ११, १४, १९, २०, २६ आणि ३० गुण मिळाले. सरासरी १७ वरून २० वर गेली. ही वाढ खरी मानायची की योगायोगाची?

पुष्कळजण इथे गुणांचे दोन स्तंभ म्हणजे दोन वेगळे गट समजतात आणि अनपेअर्ड टी-टेस्ट लावतात. ती चाचणी ३ गुणांच्या वाढीला ४.०४ या प्रमाण त्रुटीने भागते. टी येतो ०.७४. पाच टक्के पातळीवर तो निदान २.२३ हवा, म्हणून वाढ सिद्ध होत नाही.

ही त्रुटी इतकी मोठी का? पहिल्या मुलाला ८ आणि शेवटच्याला २७ गुण आहेत. मुलामुलांतलं हे अंतर शिकवण्याआधीही होतं, नंतरही तेवढंच राहिलं. अनपेअर्ड चाचणी हा सगळा पसारा अनिश्चितता म्हणून मोजते आणि त्यात ३ गुण बुडून जातात.

पेअर्ड चाचणी प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच करते. सहा जणांची वाढ पाहा: ३, २, ४, २, ४, ३. आता हुशार कोण, कच्चा कोण, हा प्रश्नच उरत नाही. वाढीची सरासरी तीच, ३. पण प्रमाण त्रुटी फक्त ०.३७. टी ८.२ येतो, आणि लागतो २.५७. एक्सेलमध्ये हा सगळा फरक सूत्रातल्या शेवटच्या आकड्यात आहे. तिथे १ म्हणजे पेअर्ड, २ किंवा ३ म्हणजे अनपेअर्ड. सूत्र मात्र टी देत नाही, निव्वळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता देतं; पाच टक्के पातळीवर ती ०.०५ पेक्षा कमी हवी:

```
=T.TEST(B2:B7,C2:C7,2,1)
```

खरी पंचाईत होते ती उत्तरपत्रिकांवर नावं नसली की. मग काहीजण दोन्ही वेळचे गुण चढत्या क्रमाने लावून जोड्या जुळवतात. हे अजिबात करू नये. कोणाचे गुण उतरले, कोणाचे एकदम वाढले, हे त्या मांडणीत पुसलं जातं, वाढ सगळ्यांची सारखीच दिसू लागते आणि टी खोटाच फुगतो. नाव नको असेल तर मुलांना दोन्ही पेपरांवर एकच सांकेतिक क्रमांक लिहायला सांगावा. एखादा मुलगा उत्तरचाचणीला गैरहजर असेल, तर त्याची जोडी होत नाही. तो गणितातून वगळावा लागतो आणि असे किती वगळले ते अहवालात लिहावं लागतं.

शिवाय टी ८.२ आला तरी वाढ नव्या पद्धतीमुळेच झाली, असं ठरत नाही. तोच पेपर दुसऱ्यांदा सोडवल्यानेही गुण वाढू शकतात. त्यासाठी नेहमीच्या पद्धतीने शिकलेली दुसरी तुकडी हवी. तिथल्या प्रत्येक मुलाचीही वाढ काढायची आणि दोन तुकड्यांच्या वाढींची तुलना करायची. ही मुलं खरोखरच वेगवेगळी आहेत, म्हणून इथे अनपेअर्ड चाचणीच लावायची.