पीबीएलमधील नोंद आणि एक्सबीएलमधील नोंद: दोन्हींवर एकच उपाय नाही

मेल परत आला आणि त्यात स्पॅम अडवण्यासाठी आयपी पत्त्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसचे नाव दिसले, की कारण न पाहताच यादीतून आपला पत्ता काढण्याचा अर्ज भरला जातो. पीबीएल आणि एक्सबीएल या दोन्ही याद्या ‘झेन’ या एकत्रित यादीतूनच तपासल्या जातात, म्हणून हा घोळ होतो. पीबीएल पत्त्याचा प्रकार सांगते, तर एक्सबीएल त्या पत्त्यावरून काय घडले ते सांगते.

सर्व्हरचा पत्ता 203.0.113.25 असेल, तर त्याचे आकडे उलट क्रमाने लिहून विचारावे:

```
dig +short 25.113.0.203.zen.spamhaus.org
```

उत्तरात 127.0.0.10 किंवा 127.0.0.11 आले, तर नोंद पीबीएलची, 127.0.0.4 आले, तर एक्सबीएलची. 127.255.255.254 ही नोंदच नव्हे. सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारणा झाल्याची ती सूचना आहे, म्हणून स्वतःच्या रिझॉल्व्हरवरून पुन्हा विचारावे.

पीबीएलमध्ये घरगुती ब्रॉडबँडसारख्या, थेट मेल पाठवणे अपेक्षित नसलेल्या पत्त्यांचे पट्टे असतात. त्यात कोणावरही ठपका नसतो. पत्ता स्थिर असून त्यावर खरोखर मेल सर्व्हर चालत असेल, तर सेवादात्याकडून रिव्हर्स डीएनएस नीट लावून घ्यावा आणि check.spamhaus.org येथे विनामूल्य अर्ज करावा.

एक्सबीएलचे तसे नाही. समजा, कार्यालयातील मेल सर्व्हर आणि सर्व संगणक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहेत. नोंद झाल्यावर व्यवस्थापक मेल सर्व्हरचा लॉग तपासतो, त्यात काहीच सापडत नाही आणि यादीच चुकीची आहे असा निष्कर्ष काढतो. परंतु बाधित संगणकावरील घातक प्रोग्राम मेल सर्व्हरला वगळून थेट बाहेरच्या सर्व्हरच्या पोर्ट २५ ला जोडतो, त्यामुळे त्याचा माग मेलच्या लॉगमध्ये राहतच नाही. तो फायरवॉलमध्ये शोधावा लागतो. मेल सर्व्हर वगळता इतर सर्वांसाठी बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद करावे आणि अडवलेल्या प्रत्येक जोडणीची नोंद ठेवावी, म्हणजे अशी जोडणी पुन्हा पुन्हा करू पाहणाऱ्या संगणकाचा अंतर्गत पत्ता समोर येतो. मात्र काही नोंदी मेलमुळे नव्हे, तर बाधित संगणकाने आपल्या नियंत्रक सर्व्हरशी साधलेल्या संपर्कामुळे होतात. अशा वेळी पोर्ट २५ च्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही, म्हणून नोंदीच्या तपशिलात दिलेली वेळ आणि मिळाल्यास दूरस्थ पत्ता व पोर्ट फायरवॉलच्या लॉगशी ताडून पाहावेत.

तो संगणक स्वच्छ केल्यावरच अर्ज करावा. त्याआधी केलेला अर्ज मंजूर झाला तरी बाधा कायम असल्याने नोंद पुन्हा होते. सार्वजनिक पत्ता बदलून घेण्याचा सल्ला तर मला मुळीच मान्य नाही, कारण बाधित संगणक नव्या पत्त्यामागेही तोच असतो. पत्ते उपलब्ध असतील, तर मेल सर्व्हरला कर्मचाऱ्यांच्या संगणकांपासून वेगळा सार्वजनिक पत्ता द्यावा. मग एखाद्याच्या लॅपटॉपमधील बाधेने कार्यालयाचा मेल अडकत नाही.