कोलिस्टिन : पहिली मात्रा, जोडऔषध आणि मूत्रपिंडावरील देखरेख

कोलिस्टिन हे पॉलिमिक्सिन गटातील प्रतिजैविक असून मेरोपेनेम, इमिपेनेम यांसारख्या कार्बापेनेम औषधांना न जुमानणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंविरुद्ध, म्हणजे प्रामुख्याने क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर आणि स्युडोमोनास यांच्याविरुद्ध, दुसरा उपाय हाताशी नसताना ते वापरले जाते. १९५० च्या सुमारास जपानमध्ये ते एका मातीतील जंतूपासून मिळाले. मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेमुळे १९७० नंतर ते मागे पडले आणि बहुप्रतिरोधी जंतू फैलावल्यावर, नाइलाज म्हणून, पुन्हा वापरात आले. प्रोटियस, सेराशिया आणि मॉर्गनेला यांच्यावर ते मुळातच चालत नाही.

सलाइनमधून दिले जाते ते कोलिस्टिन नव्हे, तर कोलिस्टिमेथेट सोडियम हे त्याचे निष्क्रिय पूर्वरूप होय. त्यातला बराचसा भाग मूत्रपिंडावाटे निघून जातो आणि उरलेल्याचे शरीरात सावकाश कोलिस्टिनमध्ये रूपांतर होते. या संथपणामुळे नेहमीच्या मात्रेने सुरुवात केल्यास रक्तातील पातळी परिणामकारक होण्यास दोन-तीन दिवस लागू शकतात, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून पहिली मात्रा मोठी द्यावी लागते, जिला वॉर्डात सर्रास ‘लोडिंग’ म्हणतात. प्रौढांसाठी ती ९० लाख युनिट आहे.

लोडिंगची मात्रा मूत्रपिंडाचे काम कमी असले तरी कमी करायची नसते. रिकामी टाकी किती पाण्याने भरेल हे टाकीच्या आकारावर ठरते, नळातून पुढे किती गळेल यावर नाही. मूत्रपिंडाचा संबंध येतो तो पुढच्या, दर बारा तासांच्या मात्रांशी. तरीही रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारा घटक, वाढलेले पाहून पहिलीच मात्रा निम्मी करण्याची चूक वारंवार होते. अशाने मूत्रपिंडाचे संरक्षण फारसे होत नाही आणि सुरुवातीचे मोलाचे दिवस मात्र अपुऱ्या पातळीत वाया जातात.

मात्रेच्या एककांचा घोळही याच टप्प्यावर घात करतो. आपल्याकडील कुपीवर १० लाख, २० लाख किंवा ४५ लाख युनिट असे लिहिलेले असते, तर अमेरिकी पुस्तकांत मात्रा मूळ कोलिस्टिनच्या मिलिग्रॅममध्ये दिलेली असते. १० लाख युनिट म्हणजे सुमारे ८० मिलिग्रॅम कोलिस्टिमेथेट, पण मूळ कोलिस्टिन मात्र केवळ ३३ मिलिग्रॅमच्या आसपास. ‘३०० मिलिग्रॅम लोडिंग’ वाचून ३०० मिलिग्रॅम कोलिस्टिमेथेट दिल्यास रुग्णाला ९० लाखांऐवजी ३८ लाखांच्या जवळपासच युनिट मिळतात. केसपेपरवर मात्रा युनिटमध्येच आणि ‘लाख’ हा शब्द अक्षरी लिहून नोंदवणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

उदाहरणादाखल सोलापुरातील यंत्रमागावर काम करणारा ५८ वर्षांचा, ५२ किलो वजनाचा एक कल्पित रुग्ण घेऊ. मुतखड्यामुळे अडलेल्या मूत्रमार्गात नळी टाकल्यानंतर त्याला थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब उतरतो आणि रक्ताच्या कल्चरमध्ये मेरोपेनेमला दाद न देणारा क्लेब्सिएला सापडतो. क्रिएटिनिन १.८ आहे. वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने त्याच्या मूत्रपिंडाची गाळण क्षमता मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर येते. नवी औषधे, विशेषतः सेफ्टाझिडाइम-ॲव्हिबॅक्टमला ॲझ्ट्रिओनामची जोड, परवडत व मिळत असतील तर तीच आधी वापरावीत. ती नाहीत असे येथे धरू. संसर्ग मूत्रमार्गातून निघालेला असल्यामुळे याच गटातील पॉलिमिक्सिन-बीपेक्षा कोलिस्टिन सोयीचे ठरते, कारण पॉलिमिक्सिन-बी लघवीत फारच थोडे उतरते.

त्याला ९० लाख युनिट सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात दिले जातात. कुपीत पाणी घातल्यावर ती जोरात हलवू नये, फेस होतो आणि मात्रा नीट ओढता येत नाही. हलकेच फिरवून विरघळवावी. बारा तासांनंतर दर बारा तासांनी ३० लाख युनिट सुरू होतात. मूत्रपिंड ठणठणीत असते तर हाच आकडा ४५ लाख असता.

जोडऔषधाचा प्रश्न अधिक वादाचा आहे. कोलिस्टिन एकटे दिल्यास जंतूंतील काही गट त्याला पुरून उरतात, म्हणून दुसरे औषध जोडावे हा तर्क प्रयोगशाळेत पटण्यासारखा वाटतो. मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०६ रुग्णांच्या ‘एडा’ चाचणीत कोलिस्टिनला मेरोपेनेमची जोड दिल्याने चौदाव्या दिवशीच्या अपयशाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. त्यातील बहुसंख्य रुग्णांचा जंतू ॲसिनेटोबॅक्टर होता, त्यामुळे ॲसिनेटोबॅक्टरसाठी ही जोडी सवयीने लिहू नये एवढे त्यातून नक्की निघते. क्लेब्सिएलाच्या गंभीर संसर्गात मात्र, प्रयोगशाळेच्या अहवालानुसार त्या जंतूवर चालणारे दुसरे औषध असेल, उदाहरणार्थ फॉस्फोमायसिन, तर ते जोडणे रास्त ठरते. कल्चरमधील जंतू कोलिस्टिनला दाद देतो का, हे डिस्कवरून, म्हणजे औषध लावलेल्या कागदी चकतीवरून, ठरवू नये. हा मोठा रेणू आगर या जंतू वाढवण्याच्या घट्ट माध्यमात नीट पसरत नाही आणि निष्कर्ष चुकतो. त्यासाठी द्रव माध्यमात औषधाची वेगवेगळी प्रमाणे तपासणारी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन ही पद्धत लागते.

कोलिस्टिन मूत्रपिंडाच्या सुरुवातीच्या नलिकांतील पेशींमध्ये शोषले जाऊन तिथे साचते आणि त्या पेशींना इजा करते. ही इजा बहुधा पहिल्या आठवड्यात दिसू लागते. म्हणून क्रिएटिनिन रोज किंवा निदान दिवसाआड, लघवीचे माप दररोज आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम अधूनमधून पाहावे लागते. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले, सात दिवसांत दीडपट झाले किंवा लघवी सलग सहा तास ताशी दर किलोमागे अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, तर इजा सुरू झाली असे मानतात. स्नायू कमी असलेल्या कृश माणसात क्रिएटिनिन मुळातच कमी असते, त्यामुळे १.० हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना दाखल झालेल्या रुग्णाच्या अंगात आधीच पाण्याची तूट असू शकते. ती भरून काढणे हा देखरेखीचाच भाग होय.

आपल्या रुग्णाचे क्रिएटिनिन पाचव्या दिवशी २.८ होते, म्हणजे मूळच्या दीडपटीहून थोडे जास्त. अशा वेळी आधी औषधांचा तक्ता काढावा. वेदनेसाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन चालू आहे का, अमिकासिन किंवा व्हँकोमायसिन जोडले गेले आहे का, सीटी स्कॅनसाठी कॉन्ट्रास्ट दिले होते का, आणि नळी तुंबून मूत्रमार्गच पुन्हा अडला नाही ना, हे तपासावे. या रुग्णात डायक्लोफेनॅक सापडते आणि ते थांबवले जाते. गाळण क्षमता आता सुमारे २१ येते, म्हणून मात्रा दर बारा तासांनी २५ लाखांवर आणली जाते. क्रिएटिनिन चढतच असेल तर हा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त निघतो, त्यामुळे तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावीच लागते. ताप उतरलेला आणि कल्चर स्वच्छ असेल तर मात्रा कमी करत बसण्यापेक्षा उपचाराचे ठरलेले दिवस संपवून औषध बंद करणे बरे. बंद केल्यावर बहुतेकांचे मूत्रपिंड काही आठवड्यांत सावरते. डायलिसिस लागलाच, तर त्यात औषधही वाहून जाते, म्हणून त्या दिवशीची मात्रा डायलिसिस झाल्यावर द्यावी.

ओठांभोवती मुंग्या येणे किंवा चक्कर येणे ही मज्जासंस्थेवरील परिणामांची चिन्हे होत. स्नायू शिथिल करणारे भूलीचे औषध सोबत असल्यास श्वास मंदावू शकतो, हे शस्त्रक्रियेस नेताना भूलतज्ज्ञांना सांगणे आवश्यक असते.