नजरेने काढलेली प्रतिगमन रेषा आणि तिची तपासणी

विकीर्ण आकृतीवर (स्कॅटर प्लॉटवर) गणित न करता, पट्टी ठेवून अंदाजाने ओढलेली, बिंदूंचा एकूण कल दाखवणारी सरळ रेषा म्हणजे नजरेने काढलेली प्रतिगमन रेषा. ब्रिटनमधील जीसीएसई परीक्षेत असा प्रश्न नेहमी येतो. विद्यार्थ्याने रेषा काढायची, कल शब्दांत सांगायचा आणि फटकून पडलेल्या बिंदूवर, म्हणजे आउटलायरवर, शेरा लिहायचा. तपासणाऱ्याला या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. रेषा चुकली तरी तिच्यावरून केलेले वाचन बरोबर असू शकते आणि त्याचे गुण देणेच न्याय्य असते.

नजरेची रेषा एकच एक नसते, म्हणून तपासताना एक रेषा नव्हे तर पट्टा मान्य करतात. डावीकडे एक आणि उजवीकडे एक x-किंमत निवडायची आणि त्या दोन ठिकाणी रेषा कोणत्या दोन उंचींच्या मधून जायला हवी ते आधी ठरवायचे. एकाच ठिकाणी पाहून भागत नाही, कारण मधोमध बरोबर असलेली रेषा टोकांना कलंडलेली असू शकते. निम्मे बिंदू वर आणि निम्मे खाली ही कसोटी विद्यार्थ्यांच्या तोंडी असते, पण ती अपुरी आहे. डाव्या अर्ध्या भागातले सगळे बिंदू वर आणि उजव्यातले सगळे खाली असले तरी ती पुरी होते. दोन्ही अर्ध्या भागांत तोल वेगवेगळा पाहावा. गणिताने काढलेली रेषा x ची सरासरी आणि y ची सरासरी जिथे मिळतात त्या बिंदूतून जाते. तो बिंदू आधी ठळक करून पट्टी त्याच्याभोवती फिरवली, तर हाताची बरीच चूक टळते. पहिला आणि शेवटचा बिंदू जोडणे किंवा कारण नसताना रेषा शून्यातून नेणे या नेहमीच्या चुका आहेत. रेषा थोडी जास्त उभी आली तर मात्र कठोर होऊ नये. प्रतिगमनात फक्त उभी अंतरे मोजतात, पण डोळा बिंदूंच्या ढगाच्या लांबट अक्षाकडे ओढला जातो. संख्याशास्त्रज्ञ मॉस्टेलर आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये विद्यार्थ्यांकडून रेषा काढून घेतल्या, तेव्हा हाच कल दिसला.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार आकडेसंचांतला तिसरा यासाठी उत्तम नमुना आहे. त्यात अकरा बिंदू आहेत. त्यांपैकी दहा जवळजवळ एका रेषेत बसतात आणि (13, 12.74) हा एकटा उंच उभा आहे. सगळे अकरा घेतले तर रेषा साधारण y = 3 + 0.5x येते आणि सहसंबंध गुणांक, म्हणजे बिंदू सरळ रेषेला किती घट्ट धरून आहेत याचे -1 ते 1 मधले माप, 0.82. तो एक वगळला तर उरलेल्या दहांची रेषा साधारण y = 4 + 0.345x.

पहिली रेषा आकृतीवर ओढून पाहावी. x = 4 पाशी बिंदू रेषेच्या 0.39 वर आहे, x = 7 पाशी 0.08 खाली आणि x = 14 पाशी 1.16 खाली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अंतरे अशी क्रमाने घसरत गेली की एका बिंदूने रेषा आपल्याकडे ओढली आहे असे समजावे. घरी करण्याजोगी चाचणी सोपी आहे: त्या बिंदूवर अंगठा ठेवायचा आणि रेषा पुन्हा मनात ओढायची. इथे ती झटकन खाली बसते.

अशा उत्तरपत्रिकेत दोन्ही रेषा येऊ शकतात. सर्व बिंदू धरून रेषा काढा असे प्रश्नात म्हटले असेल तर पहिली बरोबर. तसे नसेल, तर आउटलायर सोडून काढलेली दुसरीही मान्य करावी, मात्र तो सोडल्याचे लिहिलेले हवे.

कलाच्या वर्णनात दिशा, घट्टपणा आणि संदर्भ पाहावा. ‘धन सहसंबंध’ एवढेच लिहिणे अर्धे उत्तर आहे. कशाबरोबर काय वाढते आणि एका एककामागे साधारण किती, हे आले पाहिजे. ‘x मुळे y वाढतो’ हे आकृती सांगत नाही. आकडे 4 ते 14 पर्यंतच असताना x = 25 चे भाकीत केले असेल तर त्या चुकीकडेही दुर्लक्ष करू नये.

आउटलायरवरचा ‘हा चुकीचा आकडा आहे’ हा शेरा मान्य करू नये, कारण आकृतीवरून तेवढे कळत नाही. ‘x = 13 चा बिंदू बाकीच्यांच्या रेषेपेक्षा सुमारे 4.25 वर आहे. नोंद पुन्हा पाहावी’ हा चांगला शेरा. नुसते दूर असणे आणि रेषा हलवणे यांतला फरकही तपासावा. उजवीकडे खूप लांब, पण रेषेच्या सरळ वाटेवर पडलेला बिंदू रेषा फारशी हलवत नाही. अँस्कोम्ब यांच्या चौथ्या संचात मात्र दहा बिंदू x = 8 वर एकावर एक उभे आहेत आणि एकटा x = 19 वर. गुणांक इथेही 0.82 च येतो, पण उतार सर्वस्वी त्या एका बिंदूवर टेकलेला आहे. तो झाकला की x एकाच किमतीवर अडकतो आणि कल सांगताच येत नाही. इथे ‘भक्कम धन सहसंबंध’ लिहिणाऱ्याने आकृतीकडे पाहिलेले नसते.