तयार माप आणि अंगाचं माप

क्रोशाच्या टॉपच्या नमुन्यासोबत एक साधी रेषाकृती असते. पुढचा भाग सपाट दाखवलेला, कडेला सेंटिमीटरचे आकडे आणि प्रत्येक साइजचा आकडा वेगळा. माझ्या मते साइजच्या नावापेक्षा या आकृतीवर विश्वास ठेवावा, कारण 'मध्यम' म्हणजे किती हे नमुना करणारा स्वतः ठरवतो.

समजा छातीचा घेर ९२ सेंमी आहे आणि आकृतीत छातीपाशी ४८, ५२, ५६ असे आकडे आहेत. ही सहसा एका बाजूची रुंदी असते. मागचा भागही तेवढाच असेल तर दुप्पट करून तयार घेर मिळतो: ९६, १०४, ११२. अंगापेक्षा सैलपणा अनुक्रमे ४, १२ आणि २० सेंमी. यातला कुठला हवा, हे तुमच्याच कपाटातून कळतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तुम्ही ज्या सुती कुर्त्याला हात घालता, तो सपाट पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. ५१ आलं तर घेर १०२, म्हणजे तुम्हाला १० सेंमी सैलपणा रुचतो.

पण क्रोशाची वीण कुर्त्याच्या कापडाहून जाड असते आणि ती जाडी आतल्या बाजूने जागा खाते. वीण ३ मिमी जाड असली तर अंगाला मिळणारा घेर सुमारे १ सेंमीने घटतो. म्हणून १०२ ऐवजी १०३ च्या आसपास शोधायचं. जवळची साइज १०४ ची. तिचे खांदेही आकृतीत पाहून घ्या, कारण घेर वाढला की बहुतेक नमुन्यांत खांदेही रुंदावतात आणि बाहीची शिवण दंडावर घसरते.

मात्र आकृतीतले आकडे खरे ठरतात ते तुमची वीण नमुन्याइतकीच घट्ट असेल तेव्हा. नमुन्यात १० सेंमीत १६ खांब सांगितलेत, म्हणजे ५२ सेंमीच्या भागाला ८३ खांब. तुमचा हात सैल असेल आणि १० सेंमीत १५ च बसत असतील, तर तेच ८३ खांब ५५ सेंमीच्या पुढे जातात. घेर जवळपास १११ होतो, म्हणजे एक साइज वाढल्यासारखाच. त्यामुळे त्याच सुताचा १५ सेंमीचा चौकोन विणून धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंमीतले खांब मोजा. कडेचे टाके धरू नका, ते ओढलेले असतात.

सहसा सुई अर्ध्या मिमीने बारीक केली की गणित जुळतं. पण सैल विणीचा पोतच आवडला, तर लहान साइजचे ७७ खांब घाला: १५ च्या हिशेबाने ५१ सेंमी, घेर १०३ च्या जवळ. उंची मात्र ओळी मोजून वेगळी तपासावी लागते. सुती सूत लोकरीसारखं परत आखडत नाही, स्वतःच्या वजनाने लोंबतं. चौकोन टांगून ठेवला की किती लांबतो ते दिसतं, आणि त्याच प्रमाणात लांबी आकृतीतल्या उंचीतून वजा करून विणायची.