कॅफिनची धडधड : सांगलीच्या अभ्यासिकेतला चहा, कॉफी आणि एनर्जी ड्रिंक

चहा, कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक प्यायल्यावर छातीत धडधडणं, बोटं थरथरणं, जीव घाबराघुबरा होणं याला कॅफिनची धडधड म्हणता येईल. सांगलीत विश्रामबाग वगैरे भागात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांत हे नेहमी दिसतं आणि बऱ्याचदा ते पित्तावर नायतर टेन्शनवर ढकललं जातं. कुणी म्हणतं बीपी लो झालं असेल, आणि उपाय म्हणून अजून एक चहा पाजतात, म्हणजे आगीत तेलच.

होतं काय, तर आपण जागं राहू तसतसा मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि त्यानंच आपल्याला पेंग येते. कॅफिन अडेनोसिनची जागा अडवून बसतं, त्यामुळं थकवा असतोच फक्त जाणवत नाही, आणि सोबत ॲड्रेनालिन वाढतं, म्हणून हृदय जोरात चालतं, हाताला कंप येतो, तळव्यांना घाम येतो. माणूस खरंच घाबरतो तेव्हा शरीरात जवळजवळ हेच होतं. मग आधीच परीक्षेची काळजी असलेल्या पोराला ही धडधड जाणवली की त्याला वाटतं काहीतरी वाईट होणार, त्या विचारानं धडधड अजून वाढते आणि ते चक्र चालू राहतं. ज्यांना पॅनिक अटॅकचा त्रास आहे त्यांना तर जास्त कॅफिननं अटॅक येऊ शकतो.

आता हिशोब. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन धरलंय, आणि दिवसाला ३०० च्या वर जाऊ नका असं सांगितलंय. एनर्जी ड्रिंकमध्ये भारतात लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅमची परवानगी आहे, म्हणजे पाव लिटरच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत. गुळाचा चहा घेतला म्हणून यात काही फरक पडत नाही, कॅफिन चहा पावडरीत असतं, साखरेत नाही. दूध जास्त घातलं तरी ते तिथंच राहतं.

समजा एका पोरानं सकाळी सहाला उपाशीपोटी चहा घेतला, दहाला दुसरा, चारला कॉफी, रात्री आठला जेवायच्या आधी चहा आणि साडेदहाला जागायचं म्हणून एक कॅन. चहाला ४५ आणि कॉफीला ६० धरलं तर एकूण २७०, म्हणजे मर्यादेच्या आत. पण कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, त्यामुळं रात्री अकराला चारच्या कॉफीतलं वीसेक, आठच्या चहातलं तीसेक, कॅनचं जवळजवळ सगळं आणि सकाळचं थोडं उरलेलं मिळून साधारण १३० मिलिग्रॅम अंगात असतं. हे तीन कप चहा एकदम प्यायल्यासारखं झालं. पहाटे चारलासुद्धा एका इन्स्टंट कॉफीएवढं उरतं, झोप लागली तरी कच्ची लागते, सकाळी डोकं जड असतं आणि मग पहिला चहा अजून लवकर लागतो. दिवसाची बेरीज ठीक दिसली तरी त्रास होतो तो असा.

पाच तास हे सगळ्यांना लागू नाही. लिव्हरमधलं एक एन्झाइम कॅफिन मोडतं आणि ते प्रत्येकाचं वेगळ्या वेगानं चालतं. सिगारेटनं ते जोरात चालतं, त्यामुळं सिगारेट सोडलेल्या माणसाला रोजचाच चहा अचानक बाधायला लागतो, आणि बिचाऱ्याला वाटतं सिगारेट सोडल्यामुळंच अस्वस्थ होतंय. गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनं उलट कॅफिन जास्त वेळ टिकतं.

ओळखायचं कसं, तर वेळ बघून. प्यायल्यावर पाऊण-एक तासात सुरू होऊन काही तासांत उतरत असेल तर संशय कॅफिनवर घ्यायचा. आठवडाभर काय प्यायलो आणि धडधड कधी झाली एवढं वहीत लिहिलं तरी चित्र दिसतं. कमी करताना मात्र एकदम बंद करू नये, कारण बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते आणि हे आठवडाभरही चालू शकतं. आधी रात्रीचा कॅन जावा, मग दुपारनंतरची कॉफी, मग दर तीन-चार दिवसांनी एखादा कप अर्धा करावा.

कॅफिन कमी करूनही दोन-तीन आठवडे धडधड राहिली, वजन उतरत असेल किंवा दम लागत असेल तर थायरॉइड आणि रक्त तपासून घ्यावं. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं तर लगेच दवाखाना गाठायचा, तिथं हे चहाचं गणित मांडत बसू नये.